आरडीचा हप्ता आणि खरिपाचा हंगाम

आवर्त ठेव, म्हणजे आपण सगळे जिला आरडी म्हणतो ती, उघडताना बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात: व्याज किती? जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की आपल्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात येत नाही? आरडी ही योजना मुळात महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाच्या मापाने शिवलेली आहे. चारठाण्याच्या शिवारात सोयाबीन ऑक्टोबरात निघते, कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन जानेवारीपर्यंत रेंगाळते, मग तूर आणि हरभरा. जूनमध्ये बियाणे-खताला पैसे लागतात, आणि तेव्हापासून सोयाबीन निघेपर्यंत हातात फारसे काही येत नाही. या गावात आरडीचे हप्ते थकतात ते लोक बेशिस्त आहेत म्हणून थकत नाहीत. वर्षाचे कोणते महिने कोरडे जाणार हे आधीच ठाऊक असते, आणि तरीही खाते बाराही महिने सारखा हप्ता मागेल असे उघडले जाते. ते महिने धरूनच खाते उघडले तर आरडी इथेही चांगली चालते. कुठे चालत नाही तेही आधीच कळते.

आधी हिशेबाची रीत समजून घेऊ. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणजे ६० हप्त्यांची असते. महिना किमान १०० रुपये आणि त्यापुढे दहाच्या पटीत कितीही. व्याजदर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो ६.७ टक्के झाला आणि २०२५ सालभर तोच राहिला. खाते उघडताना जो दर असतो तोच पाच वर्षे चालतो, मधे दर खाली आले तरी आपले व्याज कमी होत नाही. व्याजाची चक्रवाढ दर तिमाहीला होते. महिना १,००० रुपये भरले तर पाच वर्षांत आपण ६०,००० भरतो आणि मुदत संपल्यावर ७१,३६६ रुपये मिळतात. म्हणजे व्याज झाले ११,३६६. बँकेतली आरडी याच रीतीने चालते, फक्त मुदत आपण ठरवतो. स्टेट बँकेत ती एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते.

इथेच पहिला आक्षेप येतो आणि तो चुकीचा असला तरी भाबडा नाही. शेजाऱ्याने ६०,००० रुपयांची मुदत ठेव, म्हणजे एफडी, केली आणि समजा तिलाही ६.७ टक्के दर आणि तिमाही चक्रवाढच मिळाली, तर पाच वर्षांनी त्याच्या हातात सुमारे ८३,६४४ रुपये येतात. व्याज २३,६४४. पैसे दोघांनी ६०,०००च ठेवले, दर एकच, मुदत एकच, मग आरडीवाल्याला निम्म्याहून कमी व्याज का? पोस्टाने किंवा बँकेने फसवले, असे वाटून काहीजण आरडी मधेच मोडतात. यात फसवणूक कसलीच नाही. शेजाऱ्याचे ६०,००० पहिल्या दिवसापासून कामाला लागलेले असतात. आरडीत पहिल्या हजाराला ६० महिने मिळतात, दुसऱ्याला ५९ आणि शेवटच्या हजाराला जेमतेम एक. सरासरी काढली तर प्रत्येक हजार साधारण अडीच वर्षेच ठेवलेला असतो. पाच वर्षांच्या निम्म्या काळाला निम्म्याच्या आसपास व्याज, हा हिशेब सरळ आहे. म्हणून आरडीच्या आणि एफडीच्या व्याजाची रक्कम शेजारी ठेवून तुलना करू नये. तुलना करायची तर दराची करावी, आणि त्याहीपेक्षा एका प्रश्नाची: ६०,००० रुपये आज एकरकमी आहेत का? असतील तर आरडीचा विचारच नको, मुदत ठेव करावी. नसतील तर शेजाऱ्याची एफडी आपल्यासाठी नाहीच. तुलना आरडीची आणि बचत खात्याची, किंवा आरडीची आणि खर्चून गेलेल्या पैशाची.

आरडी आणि एफडीमधला दुसरा फरक कमी बोलला जातो, पण हप्ते चुकण्याच्या विषयाचे मूळ तिथे आहे. मुदत ठेव केल्यावर आपले काम त्याच दिवशी संपते. पावती किंवा पासबुक कपाटात ठेवले की मुदत संपेपर्यंत आपल्याकडून काही चुकण्याची सोयच उरत नाही. आरडीत मात्र आपण साठ वेळा वेळ पाळण्याचे कबूल केलेले असते. म्हणून आरडी उघडण्याआधी नियमांतला व्याजाचा भाग वाचण्यापेक्षा हप्ता चुकल्याचा भाग आधी वाचावा.

पोस्टात हप्त्याची शेवटची तारीख खाते कोणत्या दिवशी उघडले त्यावर ठरते. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेच्या आत भरावा लागतो. १६ तारखेनंतर उघडले तर महिन्याच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवसापर्यंत सवड मिळते. ही बारीक गोष्ट आहे आणि एकदा खाते उघडले की पाच वर्षे बदलत नाही. ज्यांच्या घरात पैसा कधी आठ तारखेला, कधी पंचवीसला येतो त्यांनी खाते १६ तारखेनंतरच उघडावे. याचे जवळचे उदाहरण लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांचे. जुलै २०२४ पासून ही रक्कम गावोगावच्या बायकांच्या खात्यात येऊ लागली आणि त्यातून आरडी चालवावी असे अनेकींच्या मनात येणे साहजिक होते, कारण हातमजुरीच्या घरात दरमहा येणारा असा पैसा आधी नव्हता. पण तो येण्याची तारीख ठरलेली नाही. सुरुवातीचे दोन हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये एकत्र आले. २०२५ साली फेब्रुवारीचा हप्ता मार्चमध्ये मार्चच्या हप्त्यासोबत आला. पंधरा तारखेच्या खात्याला असा एक महिनाही पुरतो, लगेच चूक नोंदली जाते. महिनाअखेरीचे खाते आणि १,५०० ऐवजी १,००० किंवा ८०० चा हप्ता, एवढे केले तरी अशा उशिरातले बरेचसे उशीर अंगावर येत नाहीत. मागचे पाच-सातशे शिल्लक राहिले की पुढच्या लांबलेल्या महिन्यात तेच उपयोगी पडतात.

हप्ता चुकला तर पोस्ट दर १०० रुपयांमागे १ रुपया दंड घेते. १,००० च्या खात्यावर एका महिन्याच्या उशिराला १० रुपये. पैसे भरायला गेल्यावर आधी थकलेला हप्ता दंडासह जमा होतो, मग चालू महिन्याचा. चालू महिन्याचा भरतो आणि मागचा पुढे बघू, असे चालत नाही. हा दंड किती मोठा मानावा? काहीजण म्हणतात, दहा रुपयांत काय जाते, दोन महिने उशीर झाला तर झाला. आपल्याकडच्या बोलीत हिशेब मांडला तर हा दंड शेकडा एक रुपया महिना आहे, म्हणजे वर्षाला बारा टक्के. त्या खात्यावर आपल्याला मिळतात ६.७ टक्के. म्हणजे उशिराच्या काळापुरते पोस्ट आपल्याकडून जवळपास दुप्पट घेते. सवय लागली तर आरडीचे व्याज दंडातच झिजते. पण हाच हिशेब उलट्या बाजूनेही वाचायला हवा, आणि तिकडे लोक जास्त फसतात. हप्ता चुकू नये म्हणून शेकडा तीन रुपयांनी हातउसने घेऊन आरडी भरणारी घरे कमी नाहीत. शेकडा एकचा दंड वाचवण्यासाठी शेकडा तीन मोजणे हा शुद्ध तोटा आहे. उसने घेण्यापेक्षा हप्ता चुकवावा, दंड भरावा, त्यात कमीपणा नाही. पासबुकावर दंडाची नोंद दिसते म्हणून खाते बिघडत नाही, आणि थकलेले हप्ते दंडासह भरले की मुदतीअंती मिळणारी रक्कम ठरली तेवढीच राहते.

मात्र चौथ्या चुकीपाशी हिशेब बदलतो. चार हप्ते थकले की पोस्टाचे खाते खंडित होते. चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करता येते; तेवढ्यात केले नाही तर त्या खात्यात पुढे पैसे भरताच येत नाहीत. आता हे चारठाण्याच्या वर्षावर ठेवून पाहा. कापसाचे पैसे आल्यावर एका घराने १० जानेवारीला महिना १,००० ची आरडी उघडली असे समजू. शेवटची तारीख झाली दर महिन्याची पंधरा. मे महिन्यापर्यंत तूर-हरभऱ्यावर हप्ते सुरळीत गेले. जूनमध्ये सगळे पेरणीत गेले, पहिली चूक. जुलैत खत, निंदणीची मजुरी, दुसरी. ऑगस्टात फवारणी आणि सण, तिसरी. १५ सप्टेंबर उलटला की चौथी, आणि खाते खंडित. तिथून दोन महिने मोजले तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सवड आहे. सोयाबीन ऑक्टोबरात निघून वेळेवर विकले गेले तर जमून जाते: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जून ते ऑक्टोबरचे पाच थकलेले हप्ते आणि नोव्हेंबरचा चालू, मिळून ६,००० रुपये आणि वर दंड. म्हणजे नियमातली सवड आणि इथला हंगाम यांत अंतर आहे ते काही आठवड्यांचे. भाव पडले म्हणून माल घरात ठेवला, किंवा विकल्यावर पैसे मिळायला उशीर झाला, की ते अंतर संपते. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी सोयाबीन पाण्यात गेली. तशा वर्षी ऑक्टोबरच्या पैशावर विसंबलेले खाते वाचवायचे कशाने? म्हणून ज्या घराचा हप्ता फक्त पिकातून निघतो त्याने महिन्याच्या महिन्याला भरण्याची आरडी घेऊच नये.

चारपेक्षा जास्त चुका झाल्या नसतील तर आणखी एक वाट नियमात आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. जितके हप्ते चुकले तितके महिने खात्याची मुदत पुढे ढकलून घेता येते आणि राहिलेले हप्ते त्या वाढीव महिन्यांत भरता येतात. पाच वर्षांनी नेमक्या त्या महिन्यात लग्नाला किंवा कॉलेजच्या फीला पैसे लागणार नसतील तर ही वाट बरी. टपाल कार्यालयात तसे स्पष्ट सांगावे लागते.

बँकांचे नियम बँकेबँकेला वेगळे. स्टेट बँकेत पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला उशिराचा दंड दरमहा १०० रुपयांमागे दीड रुपया आहे, पाच वर्षांहून लांब मुदतीला दोन रुपये. लागोपाठ सहा हप्ते आले नाहीत तर बँक खाते मुदतीआधीच बंद करून शिल्लक देऊन टाकते. पोस्टापेक्षा दंड जड, पण सवड दोन हप्त्यांनी जास्त. बँकेत बहुधा आपल्या बचत खात्यातून हप्ता आपोआप वळवण्याची सूचना दिलेली असते, आणि लोक निर्धास्त होतात. बचत खात्यात त्या तारखेला पैसे नसतील तर हप्ता वळत नाही आणि मोबाइलवरचा संदेश वाचला नाही तर दोन-तीन महिने कळतही नाही. तारीख निवडताना पैसे जमा होण्याच्या तारखेनंतर पाच-सहा दिवसांची ठेवावी.

आता हंगामी घराने करायचे काय? पोस्टाच्या आरडीत आगाऊ हप्त्यांची सोय आहे आणि माझ्या मते चारठाण्यासारख्या गावासाठी ती या योजनेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. चालू महिना धरून सहा हप्ते एकदम भरले तर दर १०० रुपयांच्या हप्त्यावर १० रुपये सूट मिळते, बारा हप्ते भरले तर ४० रुपये. म्हणजे १,००० च्या खात्यावर जानेवारीत वर्षाचे १२,००० एकदम भरले तर ४०० रुपये सूट. ती दिसायला किरकोळ दिसते, पण हिशेब केला तर तशी नाही. जानेवारीचा हजार तर भरायचाच होता. फेब्रुवारीचा हजार एक महिना आधी गेला, मार्चचा दोन महिने, असे करत डिसेंबरचा अकरा महिने आधी. या सगळ्याची सरासरी म्हणजे ५,५०० रुपये वर्षभर आधी दिल्यासारखे झाले. त्यावर ४०० म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास. तेच पैसे बचत खात्यात ठेवून महिन्याला एकेक हजार काढून भरले असते तर पोस्टाच्या चार टक्क्यांनी साधारण २२० मिळाले असते, आणि जूनमध्ये ते पेरणीत गेले असते हे वेगळे. सहा हप्त्यांची सूट तर याच हिशेबाने आठ टक्क्यांना जाते. चुकण्याचा प्रश्नच मिटतो, कारण जून ते सप्टेंबरचे हप्ते जानेवारीतच गेलेले असतात. साठ तारखा पाळण्याचा करार वर्षाला एक अशा पाच तारखांवर येतो.

यावर जाणता वाचक विचारेल: जानेवारीत १२,००० हातात आहेतच तर त्यांची वर्षाची मुदत ठेवच का करू नये? प्रश्न रास्त आहे. पोस्टाच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीला २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ६.९ टक्के. १२,००० वर वर्षाला साधारण ८५० रुपये. आरडीत बारा हप्ते आगाऊ भरले तर वर्षअखेर त्या बारा हप्त्यांवरचे व्याज साधारण ४४० आणि सूट ४००, मिळून ८४०. दहाएक रुपयांचा फरक. म्हणजे दराच्या अंगाने दोन्ही बरोबरीतच आहेत, आणि निवड पूर्णपणे दुसऱ्या गोष्टीवर होते: पैसा केव्हा मोकळा हवा. वर्षाची ठेव वर्षाने मोकळी होते. पुढच्या जानेवारीत वाटले तर पुन्हा ठेवा, नाहीतर बैल घ्या, बोअर घ्या. आरडी तीन वर्षांच्या आत मोडताच येत नाही, आणि आगाऊ हप्ते जिथपर्यंत भरलेत ती तारीख येईपर्यंतही बंद करता येत नाही. तीन वर्षांनंतर मोडली तर व्याज ६.७ ने मिळत नाही, बचत खात्याच्या दराने मिळते. महिना १,००० तीन वर्षे भरल्यावर ठरल्या दराने ३,९५० च्या आसपास व्याज झाले असते. मोडल्यावर ते साधारण २,२०० वर येते. मुदतीला एक दिवस उरला असताना मोडली तरी नियम हाच. मुदत ठेव मोडतानाही तोटा होतो, पण वेगळ्या मापाने: पोस्टाच्या एक ते तीन वर्षांच्या ठेवीत सहा महिन्यांच्या आत पैसे निघत नाहीत, सहा महिने ते वर्षाच्या मधे बचत खात्याचा दर मिळतो, आणि दोन-तीन वर्षांची ठेव वर्षानंतर मोडली तर पूर्ण झालेल्या वर्षांना ठरल्या दरापेक्षा दोन टक्के कमी. पाच वर्षांच्या ठेवीचा नियम १० नोव्हेंबर २०२३ पासून कडक झाला आहे. तिला चार वर्षांआधी हातच लावता येत नाही.

म्हणून माझा सल्ला एका वाक्यात मावत नाही, कारण घरात पैसे दोन जातींचे असतात. पिकाचा पैसा एकरकमी येतो आणि पुढच्या पेरणीला त्यातला काही भाग परत लागतो. तो भाग बँकेत सहा-सात महिन्यांच्या मुदत ठेवीत असा ठेवावा की मुदत जूनच्या आधी संपेल. जो भाग पेरणीला लागणार नाही आणि ज्याला पाच वर्षे हात लावायचा नाही असा मनाशी ठराव आहे, त्याची आगाऊ हप्त्यांची आरडी करावी. आणि ज्या घरात अंगणवाडीताईंचे मानधन, आशाताईंचा मोबदला, शाळेतली किंवा दुकानातली नोकरी, दुधाचे पैसे असे काही दरमहा येते, त्या पैशातून साधी मासिक आरडी करावी, मात्र त्या उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठा हप्ता घेऊ नये. एकच २,००० चे खाते उघडण्यापेक्षा १,००० ची दोन किंवा ५०० ची चार खाती उघडणे पोस्टात चालते, आणि ते शहाणपणाचे आहे. वाईट वर्ष आले तर एक खाते थकू देता येते आणि बाकीची वाचतात. एकच मोठे खाते असेल तर अर्धा हप्ता भरता येत नाही, पूर्ण चुकवावा लागतो.

अडचणीत आरडी मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळते, हे लक्षात ठेवावे. बारा हप्ते भरून वर्ष पूर्ण झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत पोस्ट कर्ज देते आणि त्यावर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ६.७ च्या खात्याला ८.७ टक्के व्याज घेते. शेकड्यात सांगायचे तर महिन्याला पाऊण रुपयाच्या आत. आपल्या उदाहरणातल्या घराने हप्ते नीट भरले असते तर दुसऱ्या वर्षीच्या जूनपूर्वी १७ हप्ते झाले असते आणि पेरणीला ८,५०० रुपये उचलता आले असते. सहा महिन्यांचे व्याज साधारण ३७०. तेच शेकडा तीनने घेतले तर १,५३०. फेडले नाही तर मुदतीच्या वेळी कर्ज आणि व्याज आपल्या रकमेतून वजा होते, दारात कोणी येत नाही.

आणखी एका ठिकाणी हप्ते चुकतात, आणि तिथे चूक खातेदाराची नसते. पोस्टाच्या आरडीचे पैसे घरोघर गोळा करायला महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बायका असतात. सोय मोठी आहे, म्हाताऱ्या माणसांना टपाल कार्यालयात जावे लागत नाही. पण हप्ता भरला गेला असे पोस्ट धरते ते पैसे टपाल कार्यालयात जमा झाल्या दिवशी, आपण एजंटच्या हातात दिले त्या दिवशी नाही. पंधरा तारखेचे खाते असेल आणि पैसे चौदाला दिले तर ते पोचेपर्यंत तारीख उलटू शकते. एजंट पैसे घेते तेव्हा आपल्या कार्डावर तिची सही घ्यावी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा स्वतः जाऊन पासबुकात नोंदी छापून घ्याव्यात. कार्डावरच्या सह्या आणि पासबुकातले हप्ते यांची संख्या जुळली पाहिजे. पासबुक कायमचे एजंटकडे ठेवायला देणे, हे कितीही ओळखीचे माणूस असले तरी करू नये.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या आरडीला दोन-तीन टक्के जास्त देतात, मग पोस्टात का जावे, असाही प्रश्न निघतो. बँकेतल्या ठेवी, आरडी आणि एफडी मिळून, माणशी एका बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असतात. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. पोस्टाच्या ठेवीमागे केंद्र सरकार आहे. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटीला यातले काहीच लागू नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेली माणसे मराठवाड्यात शोधायला लांब जावे लागत नाही. तिथे हप्ता नेमाने भरणाऱ्याचेच जास्त पैसे अडकले.

व्याज करपात्र आहे, पण महिना हजार-दोन हजारांच्या आरडीवाल्याला त्याची चिंता करण्याचे कारण क्वचितच पडते. १ एप्रिल २०२५ पासून बँक एका ठेवीदाराच्या वर्षाच्या व्याजातून ते ५०,००० च्या वर गेल्यावरच कर कापते, ज्येष्ठांना ही मर्यादा एक लाख. आरडी आणि एफडीचे व्याज त्यात एकत्र मोजले जाते.

पाच वर्षे पुरी झाल्यावर पैसे काढलेच पाहिजेत असे नाही. पोस्टाची आरडी आणखी पाच वर्षांपर्यंत पुढे चालवता येते, आणि ती पहिल्याच दराने चालते. नव्या खात्याचा दर त्यावेळी जास्त असेल तर जुने बंद करून नवे उघडावे, कमी असेल तर जुनेच वाढवावे. वाढवलेल्या काळात मोडण्याचा नियमही सौम्य आहे: पूर्ण झालेल्या वर्षांना आरडीचा दर, आणि वर्षाहून कमी उरलेल्या महिन्यांना बचत खात्याचा. त्यामुळे सहाव्या वर्षानंतर हीच आरडी पेरणीच्या गरजेला, वर्ष पुरे होताच, फारसे व्याज न गमावता काढता येते. मात्र वाढवण्याचा अर्ज मुदत संपते त्याच सुमारास द्यावा, आणि खाते कोणत्या महिन्यात संपते ते आजच पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.